बिलिरुबिन सारखंच, कावीळ मात्र वेगळी

कावीळ झालेल्या माणसाच्या हातात लॅबचा रिपोर्ट पडतो तेव्हा त्याची नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. शेजारी वर जाणारा बाण, नाहीतर इंग्रजीतला एच. मग घरातलं कुणीतरी मोबाइलवर एकेक नाव शोधायला बसतं आणि तासाभरात सगळ्या घराची झोप उडते. डॉक्टर मात्र तोच कागद अर्ध्या मिनिटात वाचून बाजूला ठेवतात. आकडे ते सुटे वाचत नाहीत, कोणता आकडा कोणत्या आकड्याच्या तुलनेत किती वाढला ते बघतात. हे वाचन घरी बसून कुणालाही समजून घेता येतं, आणि कावीळ असताना ते समजून घ्यायलाच हवं, कारण उपचाराची दिशा त्यावरच ठरते.

दोन पेशंट समोर ठेवू. दोन्ही नमुन्यादाखल घेतलेले, पण कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत असे पेशंट दर आठवड्याला दिसतात. पहिला एकोणीस वर्षांचा, हॉस्टेलवर राहणारा मुलगा. चार दिवस ताप, मळमळ, जेवणावर वासना नाही, आणि मग डोळे पिवळे. दुसऱ्या बावन्न वर्षांच्या काकू. ताप नाही, पण अंगाला इतकी खाज की रात्रभर झोप नाही. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली अधूनमधून कळ येते. डोळे मुलासारखेच पिवळे.

मुलाचं बिलिरुबिन ९.२. काकूंचं ८.६. नुसतं एवढंच बघितलं तर दोघांना एकच आजार आहे असं वाटेल. आजूबाजूचे लोक दोघांना सल्लाही एकच देतील: तेल-तूप बंद, हळद बंद, उसाचा रस घ्या आणि कावीळ उतरवणाऱ्याकडून माळ घालून आणा.

बिलिरुबिन म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या म्हाताऱ्या झाल्या की शरीर त्या मोडतं. त्यातलं लोह पुन्हा वापरलं जातं, पण उरलेल्या भागातून एक पिवळं रंगद्रव्य तयार होतं. तेच बिलिरुबिन. निरोगी माणसाच्या शरीरातही ते रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम तयार होत असतं. त्यामुळे ते विष नाही आणि बाहेरून आलेलं तर मुळीच नाही. ते शरीराबाहेर टाकायचं काम यकृताकडे असतं. यकृत ते रक्तातून उचलतं, पाण्यात विरघळेल असं करतं आणि पित्तात सोडतं. पित्त नळीतून आतड्यात उतरतं आणि तिथे त्या रंगद्रव्याचं रूप बदलून शौचाला नेहमीचा तपकिरी रंग येतो. रक्तात त्याचं प्रमाण एक डेसिलिटरला साधारण १.२ मिलिग्रॅमपर्यंत असणं नेहमीचं. अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळ्यांच्या पांढऱ्या भागात पिवळेपणा दिसू लागतो.

रिपोर्टात बिलिरुबिनच्या तीन ओळी असतात: टोटल, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट. यकृताकडे अजून पोचलेलं नाही किंवा यकृताने अजून हाताळलेलं नाही ते इनडायरेक्ट. यकृताने विरघळण्याजोगं केलेलं ते डायरेक्ट. दोन्हींची बेरीज म्हणजे टोटल. ही दोन नावं लॅबमधल्या जुन्या रासायनिक परीक्षेवरून पडली, रोगाचा गुण त्यांत काही नाही. पण पेशंटच्या दृष्टीने फरक मोठा आहे. इनडायरेक्ट पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते लघवीत उतरत नाही. डायरेक्ट विरघळतं, म्हणून ते वाढलं की लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. ‘लघवी गर्द आहे का?’ हा डॉक्टरांचा प्रश्न म्हणजे सुईशिवाय केलेली डायरेक्ट बिलिरुबिनची तपासणीच.

नुसतं इनडायरेक्ट थोडं वाढलं असेल, लघवी स्वच्छ असेल आणि बाकीचा रिपोर्ट नॉर्मल असेल, तर बहुतेक वेळा यकृत बिघडलेलं नसतं. तांबड्या पेशी जास्त मोडत असतील तर असं होतं. नाहीतर जन्मतःच यकृताचा हा एक कामाचा टप्पा जरा संथ असतो. त्याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. अशा माणसांचे डोळे नवरात्राच्या उपवासात किंवा तापात थोडे पिवळसर होतात आणि नीट जेवण सुरू झालं की आपोआप निवळतात. त्याला औषध लागत नाही.

आपल्या दोन्ही पेशंटचं मात्र डायरेक्ट वाढलेलं आहे. मुलाचं ६.४, काकूंचं ७.१. दोघांची लघवी गर्द. म्हणजे यकृताने आपलं काम निदान काही प्रमाणात केलं आहे, पण तयार झालेला रंग पित्तातून आतड्यात जायच्या ऐवजी रक्तात परततो आहे. का परततो आहे, हे बिलिरुबिन सांगत नाही. ते कळायला खालच्या ओळींकडे जावं लागतं.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन नावं लोकांच्या ओळखीची झाली आहेत. ही यकृताच्या पेशींच्या आत राहून काम करणारी रसायनं. पेशीला इजा झाली की ती फुटते किंवा झिरपते आणि हे रसायन रक्तात येतं. त्यातलं एसजीओटी स्नायूंतही असतं, एसजीपीटी मुख्यतः यकृतातलं. म्हणून एसजीपीटीवर भर. साधारण ४० पर्यंत ठीक. मुलाचा आकडा होता २४००.

काकूंचा होता १४०. त्यांचा आकडा उडाला तो पुढच्या ओळीत, अल्कलाइन फॉस्फेटेजमध्ये. ही ओळ पेशंट सहसा वाचत नाहीत, कारण नाव लांब आणि तोंडात न बसणारं. लॅबची वरची मर्यादा १२० आणि काकूंचे ६२०. मुलाचे १९०.

अल्कलाइन फॉस्फेटेज साध्या मराठीत सांगायचं तर असं: पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या कडेने हे रसायन असतं आणि पित्ताची वाट अडली की त्या नळ्यांच्या पेशी ते जास्त प्रमाणात तयार करू लागतात. एसजीपीटी हे फुटलेल्या पेशीतून सांडतं, अल्कलाइन फॉस्फेटेज नव्याने बनतं, हा दोघांतला फरक. म्हणून एसजीपीटी जास्त म्हणजे पेशींवर घाला, अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त म्हणजे वाटेत अडथळा.

डॉक्टर यासाठी एक साधा हिशेब करतात. दोन्ही आकडे आपापल्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहेत ते काढायचं आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. मुलाचं एसजीपीटी ६० पट, अल्कलाइन फॉस्फेटेज जेमतेम दीड पट. भागाकार चाळिसाच्या आसपास. पाचाच्या वर उत्तर आलं की आजार यकृताच्या पेशींचा. काकूंचं एसजीपीटी साडेतीन पट, अल्कलाइन फॉस्फेटेज पाच पटींहून थोडं जास्त. भागाकार एकाच्याही खाली. दोनाच्या खाली आला की पित्ताच्या वाटेचा आजार. दोन ते पाच म्हणजे मिश्र, तिथे घाई न करता आणखी तपासण्या. हिशेबात आपल्याच रिपोर्टवर छापलेली मर्यादा घ्यायची, कारण ती प्रत्येक लॅबची थोडी वेगळी असते. परदेशातल्या रिपोर्टमध्ये तर बिलिरुबिनचं एककच वेगळं असतं. काकूंचा रिपोर्ट लंडनमध्ये काढला असता तर ८.६ च्या जागी १४७ छापून आलं असतं, आणि अर्थ तोच राहिला असता.

एका हिशेबाने निदान होत नाही, पुढे कुठे बघायचं ते कळतं. मुलाची रक्ततपासणी हिपॅटायटिस ए आणि ई साठी झाली आणि ए निघाला. हे दोन्ही विषाणू दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतात. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली ती हिपॅटायटिस ईची होती. या काविळीत विषाणू मारायचं औषध देत नाहीत. बहुतेक पेशंट विश्रांती, पुरेसं खाणंपिणं आणि देखरेख एवढ्यावर काही आठवड्यांत बरे होतात. गळ्यातली माळ पोटापर्यंत लांबली आणि कावीळ उतरली, असा अनुभव लोक खरेपणाने सांगतात तो यामुळेच. माळ नसती तरी कावीळ उतरणारच होती.

काकूंनाही शेजाऱ्यांनी माळ आणून दिली होती आणि घरच्यांनी त्यावर दहा दिवस वाट पाहिली. दहा दिवसांत खाज वाढली, शौचाचा रंग शाडूसारखा पांढुरका झाला आणि बिलिरुबिन पाचावरून साडेआठाच्या पुढे गेलं. शौच पांढुरकं होण्याचं कारण आता सहज लक्षात येईल: पित्त आतड्यात उतरतच नव्हतं, मग रंग येणार कुठून? खाजही त्याचीच. पित्तातले इतर पदार्थ रक्तात साचले की कातडीला खाज सुटते.

रिपोर्ट घेऊन आलेल्या मुलाने विचारलं, ‘डॉक्टर, आईचं लिव्हर खराब झालंय का?’

‘लिव्हर अजून शाबूत आहे. त्याच्या बाहेर जाणारी वाट अडलीय. ती कशाने अडलीय ते आधी बघू. आजच सोनोग्राफी करून घ्या.’

‘पण एसजीपीटी तर फक्त एकशे चाळीस आहे. शेजारच्या मुलाचं दोन हजारांच्या वर होतं आणि तो घरीच बरा झाला.’

‘म्हणूनच आईंना घरी ठेवून चालणार नाही. त्याच्या यकृताला सूज होती, ती आपोआप उतरते. नळीत अडकलेला खडा आपोआप उतरेल याची खात्री कोण देणार?’

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि मुख्य पित्तनळी १२ मिलिमीटर फुगलेली दिसली. एरवी ती सहा-सातच्या आसपास असते. नळी फुगणं म्हणजे खाली कुठेतरी बूच बसलं आहे. नळीच्या शेवटच्या टोकातला खडा सोनोग्राफीत अनेकदा पोटातल्या वायूमुळे दिसत नाही, म्हणून एमआरसीपी नावाचं स्कॅन करतात. त्यात खडा दिसला. याच वयात खाज आणि पांढुरकं शौच असताना कळ अजिबात येत नसेल आणि वजन घटत असेल, तर स्वादुपिंडाच्या किंवा नळीच्या गाठीची शक्यता तपासावी लागते. तिथेही रिपोर्टातला नमुना हाच, म्हणजे अल्कलाइन फॉस्फेटेज उंच आणि एसजीपीटी मामुली. खडा की गाठ हे रक्ताचा रिपोर्ट सांगू शकत नाही, ते स्कॅनच सांगतं.

या नियमाला दोन अपवाद आहेत आणि ते माहीत नसतील तर घोळ होतो. पहिला अपवाद वेळेचा. खडा एकदम नळीत अडकला की पहिल्या एक-दोन दिवसांत एसजीपीटी पाचशे, कधी हजारापर्यंतही उसळतं, आणि अल्कलाइन फॉस्फेटेज तयार व्हायला वेळ लागतो म्हणून ते तेव्हा जवळजवळ नॉर्मल असतं. त्या दिवशीचा रिपोर्ट हुबेहूब विषाणूच्या काविळीसारखा दिसतो. दोन-तीन दिवसांत एसजीपीटी झपाट्याने उतरतं आणि अल्कलाइन फॉस्फेटेज चढतं. जोरात कळ येऊन मग डोळे पिवळे झाले असतील तर पहिल्या रिपोर्टवर विसंबू नये.

दुसरा अपवाद हाडांचा. अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतही तयार होतं. वाढीच्या वयातल्या मुलांचं ते मोठ्यांच्या मर्यादेच्या दोन-तीन पट असतं आणि ते नॉर्मलच असतं. मोडलेलं हाड जुळून येताना, ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असताना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेमुळेही ते वाढतं. अशा वेळी जीजीटी नावाची शेजारची ओळ बघायची. जीजीटी हाडात नसतं. दोन्ही वाढले असतील तर उगम यकृताकडचा. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं आणि जीजीटी नॉर्मल असेल तर हाडांकडे बघायचं. काकूंचं जीजीटी ४८० होतं, म्हणजे शंकेला जागा नव्हती. नुसतं जीजीटी वाढलेलं असेल तर त्यावरून फारसं काही ठरवू नये. दारूने आणि फिटच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं.

आता राहिला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: यकृत काम किती करतं आहे? गंमत अशी की लिव्हर फंक्शन टेस्ट या नावाखाली छापलेल्या बहुतेक ओळी याचं उत्तर देत नाहीत. एसजीपीटी नुकसान दाखवतं, अल्कलाइन फॉस्फेटेज अडथळा दाखवतं. कामाचा अंदाज देणारी एक ओळ त्यात असते, अल्ब्युमिन. हे यकृत तयार करत असलेलं प्रथिन, साधारण ३.५ ते ५. पण ते रक्तात बरेच दिवस टिकतं, त्यामुळे आठवड्याभराच्या काविळीत ते उतरलेलं दिसत नाही. ताज्या काविळीत ते फार कमी निघालं तर डॉक्टर जुन्या यकृतरोगाचा किंवा दुसऱ्या कारणाचा विचार करतात.

आजचं काम दाखवणारी तपासणी वेगळीच लिहून द्यावी लागते: पीटी-आयएनआर. रक्त गोठवणारे घटक यकृत रोज बनवतं. ते कमी पडले की रक्त गोठायला वेळ लागतो आणि आयएनआर वाढतो. नॉर्मल म्हणजे एकाच्या आसपास. मुलाचा आयएनआर होता १.२. एसजीपीटी २४०० असूनही डॉक्टर निर्धास्त होते ते यामुळे. पंधराशेवरून पाचशेवर एसजीपीटी येणं चांगलंच वाटतं, पण त्याच वेळी बिलिरुबिन आणि आयएनआर चढत असतील तर उतरलेलं एसजीपीटी सुधारणेचं लक्षण नाही. सांडायलाच पेशी उरलेल्या नाहीत, असाही त्याचा अर्थ असतो. त्यात पेशंट दिवसा झोपाळू झाला, बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्यायचं. गरोदर बाईला कावीळ झाली असेल तर सुरुवातीपासूनच दवाखान्यात दाखवायचं, कारण हिपॅटायटिस ई त्या अवस्थेत जिवावर बेतू शकतो.

काकूंचा आयएनआर १.६ निघाला आणि घरचे घाबरले. पण त्याचं कारण वेगळं होतं. रक्त गोठवणारे काही घटक बनवायला यकृताला के जीवनसत्त्व लागतं आणि ते आतड्यातून शोषलं जायला पित्त लागतं. पित्तच उतरत नव्हतं. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिल्यावर दुसऱ्या दिवशी आयएनआर १.१ वर आला. यकृत ठणठणीत होतं, त्याला कच्चा माल मिळत नव्हता. इंजेक्शनने आयएनआर उतरला नसता तर चिंतेचं कारण होतं.

त्यानंतर ईआरसीपी केली. तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात, पित्तनळीचं तोंड किंचित कापून खडा बाहेर काढतात. पोटावर टाका नाही. या आधी काकूंना थंडी वाजून ताप आला असता, तर अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला असं समजून हेच काम तातडीने करावं लागलं असतं. कावीळ, कळ आणि हुडहुडीचा ताप एकत्र आले की सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

खडा निघाल्यावर दोन दिवसांत खाज गेली, शौचाला रंग आला, लघवी स्वच्छ झाली. पण दहाव्या दिवशीही बिलिरुबिन २.६ होतं आणि डोळ्यांत पिवळी झाक होती. मुलाने पुन्हा काळजीने फोन केला. त्याचंही उत्तर रक्तातच आहे. कावीळ बरेच दिवस राहिली की डायरेक्ट बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला घट्ट चिकटतो. चिकटलेला हा भाग लघवीत उतरत नाही, अल्ब्युमिन जुनं होऊन मोडेल तसा तो हळूहळू जातो, आणि त्याला आठवडे लागतात. म्हणून बरं होताना लघवी आधी निवळते, डोळे मागून. डोळ्यांच्या पिवळेपणावर रोज टॉर्च मारून बघण्यापेक्षा लघवीचा रंग बघावा.

मुलाच्या घरी त्याच सुमारास दुसरा प्रश्न होता: तेल-तूप किती दिवस बंद? विषाणूच्या काविळीत वासना होईल ते साधं घरचं जेवण चालतं. उपाशी ठेवून यकृताला विसावा मिळत नाही, अशक्तपणा मात्र वाढतो. बंद करायची ती दारू, डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या आणि काविळीवरची निनावी चूर्णं, कारण ही सगळी त्याच सुजलेल्या यकृतातून जातात. रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रसही नकोच. ज्या पाण्याने कावीळ झाली तेच पाणी त्या बर्फात असू शकतं.

काकूंचं पित्ताशय पुढे काढून टाकलं, कारण त्यात उरलेले खडे पुन्हा नळीत उतरले असते. सहा आठवड्यांनी शेवटचा रिपोर्ट आला तेव्हा मुलाने बिलिरुबिनच्या आधी अल्कलाइन फॉस्फेटेजची ओळ वाचली. बिलिरुबिन ०.८ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज ११०. बिलिरुबिन नॉर्मल होऊन अल्कलाइन फॉस्फेटेज तीनशेवरच अडकलं असतं, तर नळीत एखादा खडा मागे राहिला आहे किंवा ती कुठेतरी अरुंद झाली आहे असं समजून पुन्हा स्कॅन करावं लागलं असतं. नळी अर्धवट अडली असेल तर यकृत कसंबसं रंग बाहेर काढतं आणि डोळे पांढरेशुभ्र दिसतात, अडथळा मात्र तसाच असतो. तो त्या लांब नावाच्या ओळीतच आधी दिसतो.